एलसी डॉलरमध्ये, हिशेब रुपयांत : दर कोणत्या दिवसाचा?

इचलकरंजीच्या एखाद्या कारखानदाराने जपानहून एअरजेट माग मागवले. त्यासाठी त्याने आपल्या बँकेतून एक लाख डॉलरची एलसी, म्हणजे पतपत्र, उघडली असे समजू. जपानी विक्रेत्याने माल जहाजावर चढवला आणि कागदपत्रे आपल्या बँकेत दिली. त्या बँकेने ती तपासून पैसे चुकते केले. आठ-दहा दिवसांनी कागदपत्रे इचलकरंजीच्या शाखेत पोहोचली. कारखानदाराने रुपये भरून ती सोडवली, तेव्हा त्याला दिसले की बँकेने लावलेला डॉलरचा दर एलसी उघडली त्या दिवसाचा नाही आणि जपानी बँकेने पैसे दिले त्या दिवसाचाही नाही. तो आजचा आहे. मधल्या काळात रुपया घसरलेला असला, तर त्याच्या डोक्यात पहिली शंका फसवणुकीचीच येते.

शंका रास्त आहे, कारण याचे उत्तर एलसीच्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते. जगभरच्या बँका एलसीसाठी आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाची 'यूसीपी ६००' ही नियमावली पाळतात. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या या नियमावलीत कागदपत्रे तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात, बीजक एलसीच्याच चलनात असले पाहिजे, विमाही त्याच चलनात हवा, अशा बारीकसारीक गोष्टी आहेत. विनिमयाचा दर कोणत्या दिवसाचा, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. यात विसरभोळेपणा नाही. एलसी उघडणारी बँक एवढेच वचन देते की नियमात बसणारी कागदपत्रे आली तर एक लाख डॉलर मिळतील. डॉलरचे वचन डॉलरनेच पुरे होते. त्यात रुपया कुठेच येत नाही, म्हणून दराचा प्रश्नही येत नाही.

रुपया किंवा दुसरे कोणतेही चलन येते ते एलसीच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या करारांत. एका टोकाला विक्रेता आणि त्याची बँक असते, दुसऱ्या टोकाला खरेदीदार आणि त्याची बँक. दोन्हीकडे दर ठरतो, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बाजारात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसताना. आपल्या उदाहरणातला जपानी विक्रेता डॉलर तसेच खात्यात ठेवू शकतो, म्हणजे त्याच्या बाजूला दर लागण्याचाच प्रश्न नाही. त्याने येन घेतले तर डॉलर-येनचा दर लागेल. इचलकरंजीच्या रुपयाशी त्याचे काही देणेघेणे नसते.

या सगळ्या गुंत्यातून एक सूत्र निघते आणि माझ्या मते ते सर्वत्र लागू पडते. देणे ज्या क्षणी एका चलनातून दुसऱ्या चलनात जाते, त्या क्षणाचा दर लागतो. पैसे कोणी कोणाला केव्हा दिले हे बघायचे नाही. आपले देणे किंवा येणे डॉलरचे होते ते रुपयाचे केव्हा झाले, ते बघायचे.

हे आयातदाराच्या बाजूने लावून पाहू. जपानी बँकेने पैसे मागितले की भारतीय बँकेच्या परदेशातल्या डॉलर खात्यातून, म्हणजे नोस्ट्रो खात्यातून, एक लाख डॉलर वजा होतात. कारखानदाराचा युक्तिवाद असा असतो : बँकेचे पैसे त्या दिवशी गेले, म्हणून दर त्या दिवसाचा लावा. पण बँकेचे त्या दिवशी गेले ते डॉलर, आणि त्याच क्षणी कारखानदाराकडून बँकेचे येणे झाले तेही डॉलरच. एक लाख गेले, एक लाख येणे झाले. बँकेने त्या दिवशी रुपये देऊन डॉलर विकत घेतलेले नाहीत. कारखानदार रुपये घेऊन खिडकीशी येतो तेव्हाच बँक त्याला डॉलर विकते आणि त्या डॉलरने त्याचे देणे फेडून घेते. ही विक्री आजची, म्हणून दर आजचा. कागदपत्रे बँकेने हाताळलेली असल्यामुळे इथे साधा टीटी विक्री दर लागत नाही. त्याहून थोडा चढा बिल विक्री दर लागतो.

आकडे घालून पाहू. हे दर मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. एलसी उघडली तेव्हा बिल विक्री दर ८५ रुपये होता. नोस्ट्रो खात्यातून डॉलर गेले त्या दिवशी तो ८५.६० होता आणि चौदा दिवसांनी कागदपत्रे सोडवली तेव्हा ८६.४०. कारखानदाराला ८५ लाख ६० हजार अपेक्षित होते, भरावे लागले ८६ लाख ४० हजार. फरक ऐंशी हजारांचा. रुपया उलट दिशेने गेला असता तर तेवढाच फायदा त्याचा झाला असता. हा धोका डॉलरचे देणे अंगावर घेतलेल्या माणसाचा असतो आणि सूत्राप्रमाणे इथवर बँक बरोबर आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. नोस्ट्रोतून पैसे गेल्यापासून कागदपत्रे सोडवेपर्यंतचे व्याजही बँक लावते, आणि बऱ्याच बँका ते देशांतर्गत रुपया-कर्जाच्या दराने लावतात. ११ टक्के धरले तर ८६ लाख ४० हजारांवर चौदा दिवसांचे साडेछत्तीस हजारांच्या आसपास होतात. इथे माझा बँकांशी स्पष्ट मतभेद आहे. ते चौदा दिवस देणे डॉलरचे होते, असे सांगून बँकेने दर आजचा घेतला. मग त्या चौदा दिवसांचे व्याजही डॉलरच्या कर्जाच्या दराने घ्यायला हवे. रुपयाचे व्याज घ्यायचे असेल तर देणे पहिल्याच दिवशी, ८५.६० या दराने, रुपयात बदलायला हवे होते. रुपयाचा व्याजदर डॉलरपेक्षा जास्त असतो, त्याचे मोठे कारण रुपया हळूहळू घसरेल ही अपेक्षा. चढा व्याजदरही घ्यायचा आणि घसरणही ग्राहकाच्या माथी मारायची, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेणे. डॉलर कर्जाचा दर ७ टक्के धरला तर वरच्या उदाहरणात हा फरक सुमारे तेरा हजार रुपये होतो. एका बिलावर रक्कम लहान वाटते. वर्षभर आयात करणाऱ्याला ती लहान नसते.

आयातदार कागदपत्रे सोडवायला आलाच नाही तर काय? दर्शनी हुंडीच्या बाबतीत कागदपत्रे शाखेत पोहोचल्यापासून साधारणतः दहाव्या दिवशी आणि मुदती हुंडीच्या बाबतीत देय तारखेला, बँक ते डॉलरचे देणे आपणहून रुपयात बदलते. परकीय चलन व्यवहार करणाऱ्या बँकांची 'फेडाई' ही संघटना १९५८ पासून आहे, आणि ही प्रथा तिच्या नियमांतून आली. बँकेच्या भाषेत याला क्रिस्टलायझेशन म्हणतात. आधी फॉरवर्ड करार केलेला असेल तर त्याचा दर लागतो, नसेल तर त्या दिवसाचा बिल विक्री दर. त्यानंतर ते सक्तीचे रुपया-कर्ज होते. रुपया पुढे आणखी घसरला किंवा सावरला तरी त्याचा या देण्यावर परिणाम होत नाही. नवव्या दिवशी पैसे भरणारा आणि अकराव्या दिवशी भरणारा यांच्यातला फरक म्हणूनच नुसत्या दोन दिवसांच्या व्याजाचा नसतो. पहिल्याचा दर त्याने स्वतः निवडलेल्या दिवसाचा असतो, दुसऱ्याचा बँकेने त्याला न विचारता ठरवलेला.

१९६६ साली या सूत्राची जबर किंमत अनेकांनी मोजली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून एका दिवसात ७.५० वर गेला. मे महिन्यात दहा हजार डॉलरची एलसी उघडताना ज्याने ४७,६०० रुपयांचा हिशेब मांडला होता आणि ज्याचे बिल जूनमध्ये सोडवायचे राहिले होते, त्याला ७५,००० मोजावे लागणार होते. एलसीचा एक शब्दही बदललेला नव्हता. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत तोच अनुभव पुन्हा आला. १९९३ पासून दर बाजारात ठरतो, त्यामुळे धक्के लहान झाले. पण ते रोज बसू लागले.

आता दुसरे टोक, म्हणजे निर्यातदाराचे. कोल्हापूर परिसरातली एक सूतगिरणी बांगलादेशातल्या कापड कारखान्याला सूत विकते असे धरू. एलसी पन्नास हजार डॉलरची आहे, कागदपत्रे पाहिल्यापासून १२० दिवसांच्या मुदतीची. गिरणीने माल पाठवून कागदपत्रे आपल्या बँकेत दिली. यूसीपी ६०० मध्ये निगोशिएशनची व्याख्या नेमकी आहे : नियुक्त बँकेने कागदपत्रे खरेदी करणे, म्हणजे परतफेड देय होण्याआधी किंवा फार तर त्याच दिवशी विक्रेत्याला पैसे देणे किंवा द्यायचे कबूल करणे. भारतीय गिरणीच्या बाबतीत बँक खरेदी करते ते भविष्यात येणारे डॉलर, आणि मोबदला देते रुपयांत. येणे डॉलरचे होते ते इथेच रुपयाचे झाले. म्हणून खरेदी झाली त्या दिवसाचा बिल खरेदी दर लागतो.

हा दर कसा बांधतात ते कळले की आयातदाराच्या बाजूचा अन्याय आणखी स्पष्ट होतो. बँकांमधल्या बाजारात डॉलर ८५ रुपयांना घेतला जातो असे धरा. परदेशी चलनातल्या बिलांसाठी धरला जाणारा प्रवासाचा काळ २५ दिवसांचा, त्यात मुदतीचे १२० मिळवले की १४५ दिवस होतात. डॉलर इतके दिवस उशिरा येणार म्हणून बँक त्या काळाचा फॉरवर्ड प्रीमियम दरात मिळवते, पण पूर्ण महिन्यांपुरताच, म्हणजे इथे चार महिन्यांचा. तो पन्नास पैसे धरला आणि बँकेचे दहा पैसे वजा केले की दर ८५.४० होतो आणि गिरणीच्या नावे ४२ लाख ७० हजार लागतात. त्यातून १४५ दिवसांचे व्याज कापले जाते. ९ टक्के दराने ते सुमारे १ लाख ५३ हजार होते. बघा, इथे बँक रुपयाचे व्याज घेते, पण त्या बदल्यात प्रीमियमही देते. दोन्ही बाजू जुळतात. आयातदाराच्या नोस्ट्रो व्याजात ही जुळणी नसते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

निर्यातदारांची फसगत बहुधा तारखेवरून होते. कागदपत्रे बँकेत दिली तो दिवस निगोशिएशनचा नव्हे. बँकेला तपासणीसाठी पाच दिवस आहेत, आणि तिने खरेदीचा निर्णय घेऊन रक्कम जमा केली तो दिवस खरा. त्याहून मोठी अडचण त्रुटींची. बिल ऑफ लेडिंगवरची तारीख एलसीतल्या अंतिम तारखेनंतरची आहे, बीजकातले मालाचे वर्णन जुळत नाही, विमा कमी रकमेचा आहे, असे काही निघाले की बऱ्याचशा बँका खरेदी करायचे टाळतात आणि कागदपत्रे वसुलीसाठी पाठवतात. मग येणे डॉलरचेच राहते. पैसे खरोखर जमा होतील त्या दिवसाचा टीटी खरेदी दर लागतो. गिरणीचा हिशेबनीस मात्र वहीत कागदपत्रे दिल्याच्या दिवसाचा दर लिहून बसलेला असतो. एका चुकीच्या तारखेने दर पाच महिने पुढे जातो, हे निर्यात विभागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

खरेदी झाली तरी गिरणी पूर्ण मोकळी होत नाही. निगोशिएट करणाऱ्या बँकेने एलसीला स्वतःची हमी जोडलेली नसेल, तर पैसे न आल्यास ती गिरणीकडून वसूल करू शकते. २०२२ पासून बांगलादेशात डॉलरची टंचाई झाली आणि तिथल्या काही बँकांची देणी रखडली, तेव्हा ही गोष्ट आपल्याकडच्या सूत-निर्यातदारांनी जवळून पाहिली. देय तारखेनंतर ठराविक दिवस वाट पाहून बँक बिल उलटवते. जुनी प्रथा तीस दिवसांची होती, आता प्रत्येक बँकेचे स्वतःचे धोरण असते. उलटवताना लागतो तो त्या दिवसाचा टीटी विक्री दर, कारण आता गिरणीला तेवढे डॉलर बँकेकडून जणू परत विकत घ्यावे लागतात. तो ८७.२० असेल तर खात्यातून ४३ लाख ६० हजार जातील. मिळाले होते ४२ लाख ७० हजार. नव्वद हजारांची ही तफावत आणि वर थकीत व्याज. पुढे महिन्याभराने पैसे आले तर ते त्या दिवशीच्या टीटी खरेदी दराने जमा होतील. तो ८६.९० असला तर ४३ लाख ४५ हजार मिळतील, म्हणजे व्याज सोडून तोटा पंधरा हजारांवर येईल. पैसे आलेच नाहीत तर मालाच्या किमतीबरोबर विनिमयाचा तोटाही गेला.

याच एलसीचे खरेदीदाराकडचे टोक ढाक्यात आहे, आणि तिथेही तेच सूत्र चालते. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ८६ टाक्यांच्या आसपास होता, वर्ष सरताना तो शंभरच्या पुढे गेला. तिथल्या आयातदाराने मुदती एलसी उघडली तेव्हाचा भाव त्याच्या काहीच कामाचा राहिला नाही.

दराची तारीख आपल्याला ठरवायची असेल तर मुख्य उपाय फॉरवर्ड कराराचा. एलसी त्याचा आधार म्हणून चालते. मात्र हा करारही ठरलेल्या काळातच पाळावा लागतो. जहाज लवकर आले आणि कागदपत्रे कराराच्या मुदतीआधी सोडवावी लागली, किंवा माल उशिरा निघाला आणि मुदत टळली, तर अदलाबदलीचा खर्च भरावा लागतो. म्हणून करार एका तारखेचा न करता महिनाभराच्या खिडकीचा करावा आणि ती खिडकी एलसीतल्या जहाजभरणीच्या अंतिम तारखेवरून ठरवावी. जो निर्यातही करतो आणि आयातही, त्याला आणखी सोपा मार्ग आहे : निर्यातीचे डॉलर ईईएफसी खात्यात ठेवून त्यातूनच आयातीचे बिल फेडायचे. चलन बदलतच नाही, म्हणून दर लागतच नाही. फक्त या खात्यातली शिल्लक पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावी किंवा रुपयात बदलावी लागते.

भांडण कोर्टात गेले तर? तिथेही शेवटी हाच शोध घेतला जातो. ब्रिटनच्या १८८२ च्या हुंडी कायद्यात एकेकाळी स्पष्ट कलम होते : परदेशात लिहिलेल्या परचलनातल्या हुंडीची रक्कम ती देय झाली त्या दिवसाच्या, देण्याच्या ठिकाणच्या दराने मोजायची. १९७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मिलियांगोस खटल्यात परदेशी चलनातच निकाल देता येतो असे ठरवले आणि दोन वर्षांनी ते कलम रद्द झाले. भारतात १९८३ च्या फोरासोल विरुद्ध ओएनजीसी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच संभाव्य तारखा एकेक करून तपासल्या. देणे देय झाले ती तारीख, दावा दाखल झाला ती, हुकूमनामा झाला ती, अंमलबजावणीचा आदेश झाला ती आणि प्रत्यक्ष पैसे दिले ती. न्यायालयाने हुकूमनाम्याची तारीख निवडली, कारण त्या दिवशी डॉलर किंवा फ्रँकचे देणे रुपयांच्या हुकूमनाम्यात बदलते. बँकेने आयात बिल आधीच रुपयात बदललेले असेल तर हा वाद उभाच राहत नाही, कारण बँकेचा दावा सुरुवातीपासून रुपयांचा असतो. ग्राहकाला लढायचेच असेल तर ते बदलण्याच्या दिवसावर आणि त्या दिवशी लावलेल्या दरावर.

एक गैरसमज बंदरावर फार आढळतो. सीमाशुल्क मोजण्यासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेला दर लागतो, तो बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवसाचा. त्याचा एलसीच्या हिशेबाशी काही संबंध नाही. एफबीआयएल रोज जाहीर करते तो संदर्भ दरही बँकेवर बंधनकारक नाही. तो ताडून पाहण्यासाठी मात्र उत्तम आहे, कारण बँकेने मधला फरक किती ठेवला ते त्यावरून ढोबळमानाने कळते.

आणि खरी झीज तिथेच असते. तारखेचा नियम बहुतेक वेळा बँकेच्या बाजूने बरोबर असतो, पण त्या तारखेच्या दरात बँकेने किती पैसे मिळवले हे ग्राहक विचारत नाही. हा फरक आता बँका स्वतः ठरवतात आणि तो बोलून कमी होतो. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच सुरू आहे. तिथे बँकेचा फरक आधी ठरवून मग बाजारभावाने डॉलर घेता किंवा विकता येतात. लहान आयात-निर्यातदारांनी तो वापरावा.

एलसीच्या अर्जावर सही करताना बँकेकडून चार गोष्टी लेखी घ्या : बिल सोडवण्याचा दर बाजारभावापेक्षा किती पैशांनी चढा असेल, नोस्ट्रोच्या दिवसांचे व्याज कोणत्या दराने लागेल, बिल आपोआप रुपयात केव्हा बदलेल आणि निर्यात बिल न वटल्यास ते केव्हा व कोणत्या दराने उलटेल. माल जहाजावर चढल्यानंतर यातल्या एकाही गोष्टीवर घासाघीस करता येत नाही.